नऊ महिन्यांचे वेळापत्रक : तपासण्या, कागदपत्रे आणि बाळंतविडा

गरोदरपणाची मोजणी शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या तारखेपासून होते. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अपेक्षित तारीख मिळते. हे एकूण २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे होतात. घरात महिने मोजले जातात, दवाखान्यात आठवडे. डॉक्टर आठवड्यांचा आग्रह धरतात, कारण काही तपासण्यांची वेळ जेमतेम दोन-तीन आठवड्यांची असते. ती टळली तर त्या तपासणीचा उपयोगच उरत नाही. कागदपत्रांच्याही अशाच मुदती असतात.

हे वेळापत्रक समजून घेण्यासाठी एक उदाहरण धरून चालू. समजा, पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका स्त्रीची शेवटची पाळी १० जानेवारीला सुरू झाली. पहिलेच बाळंतपण आहे आणि ते प्रथेप्रमाणे माहेरी, कोल्हापूरला व्हायचे आहे. तिची अपेक्षित तारीख १७ ऑक्टोबर येते.

पहिला आणि दुसरा महिना : तारीख पक्की करणे

पाळी चुकल्याचे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लक्षात येते आणि घरच्या घरी लघवीची तपासणी करता येते. गर्भधारणा झाली आहे असे दिसले की पहिले औषध सुरू होते ते फॉलिक ॲसिड, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या काही आठवड्यांतच घातला जातो, म्हणून मूल हवे असे ठरवले तेव्हापासूनच ही गोळी घेणे अधिक चांगले. थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब किंवा फिट्स यांची औषधे आधीपासून चालू असतील तर ती मनाने बंद करायची नाहीत. याच भेटीत ती डॉक्टरांना दाखवायची, कारण त्यांतली काही बदलावी लागतात.

सातव्या ते नवव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी होते. गर्भ गर्भाशयातच आहे, नलिकेत नाही, हे तिच्यात पाहिले जाते. हृदयाचे ठोके दिसतात आणि गर्भाच्या लांबीवरून वय ठरते. ज्यांची पाळी अनियमित असते त्यांची तारीख या मापावरूनच धरतात. एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या अहवालात अपेक्षित तारीख थोडी वेगळी छापून येते आणि घरात गोंधळ होतो. मात्र पहिल्या तीन महिन्यांतले माप सर्वांत अचूक असते. त्यावरून एकदा ठरलेली तारीख नंतर बदलत नाहीत. नंतरच्या अहवालातला फरक बाळाची वाढ कमी-जास्त असल्याचे सांगतो, तारीख चुकल्याचे नाही.

तिसरा महिना : नाव नोंदणी, रक्त आणि मानेमागची जागा

बारा आठवड्यांच्या आत, म्हणजे उदाहरणातल्या स्त्रीच्या बाबतीत ४ एप्रिलपर्यंत, सरकारी नोंदणी झालेली असावी. गावात उपकेंद्रावर किंवा आशाताईंकडे, शहरात महापालिकेच्या दवाखान्यात ही नोंद होते आणि माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. उपचार खासगी डॉक्टरांकडे चालू असले तरी हे कार्ड करून घ्यावे. तपासण्या, लसी, वजन आणि रक्तदाब यांची एकत्र नोंद त्यावर होते आणि सरकारी योजनांसाठीही हीच नोंद लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. खासगी खर्च झेपत नसेल तर ही तारीख धरून ठेवावी.

या महिन्यात रक्ताच्या बहुतेक तपासण्या एकदमच होतात : हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉईड, एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी. लघवीत प्रथिने आणि साखर पाहतात. सिकल सेल किंवा थॅलेसेमिया तपासणीही याच वेळी व्हावी. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत तर ती टाळूच नये. आईत दोष वाहक स्वरूपात आढळला तर लगेच वडिलांचे रक्त तपासतात, कारण दोघेही वाहक असतील तरच बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता असते आणि पुढच्या तपासणीला वेळ लागतो.

तिसऱ्या महिन्यातली सर्वांत काटेकोर वेळेची तपासणी म्हणजे एनटी सोनोग्राफी. ती ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करतात. उदाहरणातल्या स्त्रीसाठी ही मुदत २८ मार्च ते १७ एप्रिल. या काळात बाळाच्या मानेमागे द्रवाचा पातळ थर असतो. त्याची जाडी प्रमाणाबाहेर असेल तर डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता वाढते. पुढे हा द्रव शोषला जातो, म्हणून उशिरा केलेल्या मापाला अर्थ राहत नाही. याच सुमारास डबल मार्कर ही रक्ततपासणी करतात आणि दोन्ही मिळून धोक्याचे प्रमाण काढतात.

हा आकडा वाचताना बहुतेक घरे घाबरतात. ‘१५० मध्ये १’ असा निकाल आला आणि त्यावर जास्त धोका असे लिहिले असले, तरी त्याचा अर्थ अशा दीडशे गरोदर स्त्रियांपैकी १४९ जणींच्या बाळांना तो दोष नसतो. हे निदान नाही, पुढे तपासायचे की नाही हे ठरवण्याचे साधन आहे. पुढची पायरी म्हणजे आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए पाहणारी तपासणी किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून केलेली खात्रीची तपासणी. एनटीची वेळ हुकली असेल तर पंधराव्या ते विसाव्या आठवड्यात क्वाड्रुपल मार्कर करता येते.

प्रत्येक सोनोग्राफीआधी ओळखपत्र मागतात आणि ‘फॉर्म एफ’ भरून सही घेतात. गर्भलिंग निदानावर बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याची ती पूर्तता आहे. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे.

चौथा महिना : लोहाच्या गोळ्या

चौथ्या महिन्यात उलट्या बहुधा कमी होतात आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यायची. त्यासोबत कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि जंतांसाठी अल्बेंडाझोलचा एकच डोस देतात. धनुर्वात आणि घटसर्प यांची ‘टीडी’ लस नोंदणी होताच आणि पुन्हा चार आठवड्यांनी, अशी दोनदा घ्यायची असते. आधीचे बाळंतपण तीन वर्षांच्या आत झाले असेल आणि तेव्हा दोन्ही डोस पूर्ण झाले असतील तर एक बूस्टर पुरतो.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. समजा, उदाहरणातल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन एप्रिलमध्ये ९.८ आले. तिला रोज एकाऐवजी दोन गोळ्या दिल्या जातील आणि महिन्याने रक्त पुन्हा तपासले जाईल. गोळी लागू पडत असेल तर महिन्यात साधारण एक ग्रॅमची वाढ दिसायला हवी. मेमध्येही आकडा ९.९ वरच अडकला तर कारण शोधायचे. बहुतेक वेळा ते गोळी घेण्याच्या पद्धतीत सापडते. सकाळच्या चहासोबत किंवा दुधासोबत घेतलेल्या गोळीतले लोह नीट शोषले जात नाही. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतले तरी तेच होते. लोहाची गोळी जेवणानंतर तासा-दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम दुसऱ्या वेळेच्या जेवणासोबत, ही सोय सर्वांना जमते. शौचाचा रंग काळा होतो. तो लोहामुळेच असतो, त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत. बद्धकोष्ठता फार झाली तर गोळी बदलून मिळते. सगळे नीट करूनही आकडा हलत नसेल, तर डॉक्टर शिरेतून लोह देतात. दिवस भरत आले असताना रक्तक्षय उरला तर प्रसूतीतला थोडा रक्तस्रावही जड जातो.

पाचवा महिना : बाळाची सर्वांगीण तपासणी

अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होणारी सोनोग्राफी सर्वांत वेळखाऊ असते. बाळाचा मेंदू, मणका, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडे, पोट, ओठ आणि हातपाय एकेक करून पाहिले जातात. उदाहरणातल्या स्त्रीसाठी ती १६ ते ३० मे या दरम्यान करायची. मेच्या सुट्टीत माहेरी किंवा गावी जायचे असेल तर वेळ आधीच घेऊन ठेवावी. बाळ पाठमोरे असेल तर काही अवयव दिसत नाहीत आणि पुन्हा बोलावतात. त्यात काळजीचे काही नसते.

ही तपासणी विसाव्या आठवड्याच्या आत करण्यामागे कायद्याचेही कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो आणि २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतील स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने. त्यानंतर बाळात गंभीर दोष असेल तर आणि वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने तो करता येतो. दोष सापडला तर खात्रीची तपासणी, तज्ज्ञांचा सल्ला आणि घरच्यांचा विचार यांना दोन-तीन आठवडे सहज लागतात.

अहवालात वार खाली असल्याचे लिहिलेले अनेकदा आढळते. गर्भाशय वाढत जाते तशी वार बहुतेक वेळा वर सरकते, म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहतात. तोवर रक्तस्राव झाला तर मात्र तो कितीही थोडा असला तरी लगेच रुग्णालयात जायचे. बाळाची पहिली हालचालही याच महिन्यात कळू लागते.

सहावा महिना : साखरेची तपासणी आणि रजेचा अर्ज

चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात, म्हणजे इथे २७ जून ते २५ जुलै या काळात, गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी पुन्हा करतात. पहिल्या भेटीत साखर नीट होती म्हणून ही टाळता येत नाही, कारण वारेतून येणाऱ्या संप्रेरकांचा इन्सुलिनवरचा परिणाम याच काळात वाढतो. सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. भारतात वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीत उपाशी राहावे लागत नाही. दोन तासांनंतरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला तर मधुमेह धरतात. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी नव्याने करायची. सुरुवातीचे दोन आठवडे आहार आणि चालणे एवढ्यावर साखर आटोक्यात येते का पाहतात, न आल्यास औषध देतात.

नोकरी करणाऱ्या स्त्रीने या महिन्यात रजेचा लेखी अर्ज द्यावा. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेआधी घेता येतात. त्यासाठी तारखेआधीच्या बारा महिन्यांत निदान ८० दिवस त्या ठिकाणी काम झालेले असावे लागते. उदाहरणातली स्त्री लवकरात लवकर २२ ऑगस्टला रजेवर जाऊ शकते. मग ती रजा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपेल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत काम केले तर मार्चअखेरपर्यंत बाळाजवळ राहता येईल. आरोग्य विमा असेल तर त्यात बाळंतपण येते का, आणि माहेरच्या गावातले रुग्णालय त्यांच्या यादीत आहे का, हेही आताच विचारून घ्यावे.

पगारी रजा किंवा सरकारी नोकरीचा असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रीला प्रधानमंत्री मातृ वंदना योजना लागू होत नाही. शेतमजुरी, घरकाम किंवा किरकोळ व्यवसाय करणाऱ्या, योजनेच्या निकषांत बसणाऱ्या स्त्रीला पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला ३,००० रुपयांचा हप्ता गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर, दुसरा बाळाची जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी झाल्यावर. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात. इथे हमखास अडतो तो नावांचा घोळ. आधारवर माहेरचे नाव, दवाखान्याच्या फायलीत सासरचे आणि बँकेत तिसरेच स्पेलिंग, असे असेल तर हप्ता अडकतो. बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव कसे यावे हेही याच वेळी ठरवून सगळीकडे एकच नाव करून घ्यावे.

सातवा महिना : रक्तगट आणि हालचालींची मोजणी

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात. बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते पुन्हा देतात. यामुळे आईच्या शरीरात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, म्हणून हे इंजेक्शन विसरले जाते आणि त्याची झळ दुसऱ्या बाळाला लागते.

आता बाळाच्या हालचालींवर रोज लक्ष ठेवायचे. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजायचे. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. त्याहून कमी झाल्या, किंवा नेहमी चुळबुळणारे बाळ अचानक शांत झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजला गेलाच पाहिजे. संध्याकाळी पाय सुजणे नेहमीचे आहे. चेहरा आणि हात सुजणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि छातीखाली पोटात दुखणे ही मात्र वाढत्या रक्तदाबाची खूण असते. १४०/९० किंवा त्याहून अधिक आकडा दिसला तर लघवीतली प्रथिने लगेच तपासतात.

आठवा महिना : माहेरी जाताना

सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि मुलगी माहेरी जाते. तिची फाइलही तिच्यासोबत जायला हवी. माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा कागद, सर्व सोनोग्राफींचे अहवाल, आधीच्या शस्त्रक्रियेची माहिती आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत ठेवावी. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे पहिली भेट चौतिसाव्या आठवड्यापर्यंत व्हावी. कळा सुरू झाल्यावर प्रथमच आलेल्या स्त्रीबद्दल त्यांना काहीच ठाऊक नसते.

या भेटीत विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्ताची सोय कुठून होते? नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे का, नसेल तर बाळाला कुठे हलवतात? नैसर्गिक प्रसूती आणि सिझेरियन यांचा वेगवेगळा खर्च किती? सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जेवण मोफत आहे आणि १०२ क्रमांकावर येण्या-जाण्याचे वाहन मिळते.

नववा महिना : पिशवी आणि निघण्याची वेळ

छत्तिसाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला तपासणी होते. बाळाचे डोके खाली आहे का, गर्भजल पुरेसे आहे का, हिमोग्लोबिन किती आहे, हे पाहतात. रुग्णालयात न्यायची पिशवी याच वेळी भरून दाराजवळ ठेवावी. आईसाठी पुढून उघडणारे गाऊन, पॅड आणि चपला लागतात. बाळंतविडा फार मोठा नको. चार-सहा झबली, टोपडी, डझनभर लंगोट, जुन्या सुती साडीची मऊ दुपटी आणि एक उबदार पांघरूण पुरते. नवे कपडेही धुऊन, उन्हात वाळवून ठेवायचे.

कळा नियमित येऊ लागल्या आणि त्यांच्यातले अंतर पाच मिनिटांवर आले की निघायचे. रुग्णालय लांब असेल तर त्याआधीच. पाणी गेले तर कळा नसल्या तरी थांबायचे नाही. त्या पाण्याला हिरवट रंग असेल तर बाळाने आतच शी केलेली असते आणि घाई करावी लागते.

जन्मानंतरचे दिवस

तासाभरात बाळाला अंगावर घ्यायचे. पहिले घट्ट पिवळसर चीकदूध काढून टाकायचे नाही. मध, गुटी, पाणी काहीही चाटवायचे नाही. पहिल्या दिवशी बीसीजी, पोलिओचे थेंब, २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी आणि ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, या चार गोष्टी मिळाल्याची नोंद कार्डावर पाहूनच घरी जायचे.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. बाळ १७ ऑक्टोबरला आले तर ७ नोव्हेंबरपर्यंत. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. म्हणून इथे दाखला कोल्हापूरचा मिळेल, पुण्याचा नाही, आणि तो माहेरी असतानाच काढून घेणे सोयीचे. रुग्णालय माहिती पाठवते, पण आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग घरच्यांनी स्वतः तपासून सही करावी. बाळाचे नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नये. नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो.

आईच्या लोहाच्या गोळ्या आणखी १८० दिवस चालू राहतात आणि सहा आठवड्यांनी तिची तपासणी होते. बाळाच्या पुढच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात. त्यांची नोंद माता व बाल संरक्षण कार्डाच्या पुढच्या पानांवर होते. म्हणून बाळंतपण पार पडले तरी ते कार्ड जपून ठेवावे.